सरकारी पोर्टलचा पासवर्ड आणि 'आईचं माहेरचं आडनाव' : सासऱ्यांच्या खात्याचं काय करू?

रंकाळा_संध्या
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं एका सरकारी पोर्टलवर खातं आहे. ते दोन वर्षांपूर्वी गावातल्या सेवा केंद्रात उघडलेलं. पासवर्ड केंद्रातल्या मुलानेच ठेवला होता, त्यांचं नाव आणि पुढे @123. ईमेलही केंद्राचाच दिलाय. आता सासरे म्हणतात, हे सगळं आपल्या ताब्यात घे.

खात्यात शिरले तर पासवर्ड बदलायच्या पानावर लिहिलंय : ८ ते १४ अक्षरं, त्यात एक मोठं, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह हवं. त्याखाली सुरक्षा प्रश्न. यादीतून दोन निवडायचे आणि उत्तरं द्यायची. यादीत जन्मगाव, पहिली शाळा, आवडता पदार्थ, आईचं माहेरचं आडनाव आणि आवडता रंग आहेत.

सासरे ७४ वर्षांचे, उचगावला राहतात, मी रंकाळ्याकडे. दोघांनाही लक्षात राहील आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही असं काय ठेवायचं? आणि उत्तरं खरी द्यायची ना? सरकारी काम आहे म्हणून विचारते. पोर्टलचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

भावा_पन्हाळा
ताई, Kolhapur@123 टाका, जगात भारी. कोण बघतंय हो सासऱ्यांचं खातं 😄 आवडता पदार्थ तांबडा-पांढरा. विषय संपला.

शाहूपुरीकर
वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. मी बरीच वर्षं ऑफिसात कॉम्प्युटर हाताळलाय, माझे नियम सांगतो. एक, देवाचं नाव घ्यायचं पण a च्या जागी @ आणि i च्या जागी 1, म्हणजे Amb@b@1#24 असं काहीतरी. दोन, दर महिन्याला बदलायचा. तीन, कागदावर कधीही लिहायचा नाही, डोक्यातच ठेवायचा. चार, प्रश्नांची उत्तरं खरी द्यायची, कारण खोटी आपणच विसरतो.

उमा_गडहिंग्लज
माझाही हाच प्रश्न आहे! आधारची पीडीएफ डाउनलोड केली तर ती पासवर्ड मागते. मी पोर्टलचा पासवर्ड टाकतेय तर उघडतच नाही. मुलीची स्कॉलरशिप अडकलीय. कुणी सांगा ना.

किल्लीदार
उमाताई, तो पासवर्ड वेगळा. तो तुम्ही ठेवलेला नसतो. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि त्याला जोडून जन्मवर्ष. आधारवर नुसतं उमा एवढंच असेल तर तीनच अक्षरं आणि पुढे वर्ष, पण पुढे आणखी नाव किंवा आडनाव असेल तर चौथं अक्षर त्याचं पहिलं. त्याचा या धाग्याशी संबंध नाही, पण आधी तुमचं काम होऊ दे.

संध्याताई, आता तुमचं. मी एका बँकेच्या आयटी विभागात खाती उघडून देण्याचं आणि अडकलेली सोडवण्याचं काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे पासवर्ड हा मुख्य दरवाजा आहे आणि सुरक्षा प्रश्न हा मागचा. पासवर्ड विसरला की पोर्टल मागच्या दाराने आत घेतं. म्हणजे पुढे कितीही भक्कम कुलूप लावलं तरी मागे 'आवडता पदार्थ : मिसळ' असेल तर चोराला मागूनच येता येईल. गूगलने २०१५ साली स्वतःच्या वापरकर्त्यांच्या उत्तरांचा अभ्यास जाहीर केला होता. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या 'आवडता पदार्थ' या प्रश्नाचं उत्तर एकाच अंदाजात बरोबर येण्याची शक्यता जवळपास २० टक्के निघाली. त्यांच्याकडे पिझ्झा, आपल्याकडे काय असेल ते भावाने वर सांगितलंच आहे. दुसरी गंमत अशी की वेळ आली तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजी भाषकांपैकी ४० टक्के लोकांना स्वतःचं उत्तर आठवलं नाही. परक्याला सापडतं आणि मालकाला आठवत नाही, असा हा प्रकार.

२००८ मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन यांचा याहू ईमेल एका विद्यार्थ्याने असाच उघडला. पासवर्ड त्याला ठाऊक नव्हताच. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला या तीन प्रश्नांची उत्तरं त्याने इंटरनेटवर शोधली आणि पासवर्ड नव्याने ठेवून टाकला.

शाहूपुरीकर
पेलिन मोठ्या बाई. उचगावच्या आजोबांना कोण शोधणार? आईचं माहेरचं आडनाव तर घराबाहेर कुणाला माहीतच नसतं.

किल्लीदार
काका, आपल्याकडे लग्नपत्रिकेत मामांचं नाव आडनावासकट छापतात. नातवाच्या पत्रिकेत त्याच्या आईचं माहेर कळतं, मुलाच्या पत्रिकेत आजोबांची सासुरवाडी. आजोबांच्या स्वतःच्या आईचं माहेर शोधायला गुप्तहेर लागत नाही, भावकीतला एक माणूस पुरतो. शाळा फेसबुकवरच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपात मिळते. जन्मगाव दाखल्यावर असतं आणि दाखल्याची झेरॉक्स केंद्राच्या संगणकात. खातं फोडणारा अमेरिकेतलाच असायला हवा असं नाही. बहुतेक वेळा तो ओळखीतला, निदान ओळखीतल्याच्या ओळखीतला असतो. या प्रश्नांची उत्तरं नेमकी अशाच माणसाला ठाऊक असतात.

रंकाळा_संध्या
बाप रे. मग खोटी उत्तरं द्यायची? सरकारला खोटी माहिती दिली असं होत नाही ना?

किल्लीदार
नाही. अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता हे सगळं खरंच हवं, तिथे खोटं चालत नाही. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी कागदपत्रांशी पडताळत नाही. तुम्ही आधी टाकलेलं आणि नंतर टाकलेलं जुळतंय का एवढंच यंत्र बघतं. तो खरं तर दुसरा पासवर्डच आहे, फक्त त्याच्या डोक्यावर प्रश्न लिहिलाय.

पण नुसतं खोटं बोलून भागत नाही. त्याच अभ्यासात दिसलं की लोक खोटंही एकाच पद्धतीने बोलतात. गाव विचारलं की 'मुंबई', रंग विचारला की 'निळा', नाहीतर सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. म्हणून प्रश्नाकडे पाहूच नका. प्रश्न पदार्थाचा असेल तर उत्तर पदार्थ असायचं कारण नाही. घरातलं एखादं जाडजूड पुस्तक घ्या, डोळे मिटून दोन वेगवेगळ्या जागी उघडा, बोटाखाली येणारं पहिलं नाम घ्या. समजा 'पातेले' आणि 'विहीर' आले. उत्तर झालं patelevihir. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा दोन नवे शब्द.

इथे अक्षरांची खिचडी न घेता शब्द घेण्याला कारण आहे. काही ठिकाणी मदतकेंद्रातला माणूस फोनवर हे उत्तर विचारतो. उत्तर जर xq7v असलं आणि फोन करणारा चोर म्हणाला, 'काहीतरी वेडीवाकडी अक्षरं टाकली होती बघा', तर एखादा दयाळू कर्मचारी 'बरोबर' म्हणून टाकतो. 'पातेले विहीर' असं तोंडाने नीट सांगावं लागलं तर ती पळवाट राहत नाही.

मोडीवाचक
एक शंका. उत्तर देवनागरीत टाकलं तर? चोर परप्रांतीय असेल तर त्याला टाइपही करता येणार नाही. आणि पासवर्ड कागदावर मोडीत लिहून ठेवला तर? मी शाळेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो. आमच्या घरात दुसऱ्या कुणालाही वाचता येत नाही.

किल्लीदार
सर, कल्पना झकास आहे पण दोन्हीकडे फसगत होईल.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत. पासवर्डमध्ये तर मोठं K आणि लहान k यांतसुद्धा फरक असतो, तो मोडीत कसा दाखवणार? आणि घरात कुणालाच वाचता येत नसेल तर तुम्ही दवाखान्यात असताना घरच्यांना त्या कागदाचा काय उपयोग?

देवनागरी उत्तराची अडचण आणखी चमत्कारिक आहे. 'सातारच्या दऱ्या' मधलं 'ऱ्या' घ्या. एक कीबोर्ड ते ऱ, हलन्त आणि य असं लिहितो. दुसरा साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असं. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. घरच्या मोबाइलवर ठेवलेलं उत्तर केंद्रातल्या संगणकावर 'चुकीचं' ठरतं आणि पडद्यावर कितीही पाहिलं तरी चूक दिसत नाही. असं अडकलेलं खातं मी पाहिलंय. माणूस शपथेवर सांगत होता की हेच टाकलं होतं, आणि तो खरंच बोलत होता.

म्हणून रोमन अक्षरं, सगळी लहान, मध्ये जागा न सोडता. आणि स्पेलिंग डोक्यात ठेवू नका. vihir की viheer, laxmi की lakshmi, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. जसं टाइप केलं तसं अक्षर न अक्षर कागदावर उतरवा. मोबाइलवर टाइप करत असाल तर दोन गोष्टी पाहा. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक रिकामी जागा सोडतो. तारकांच्या मागे हे दिसत नाही, डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून तपासा.

भावा_पन्हाळा
आईशप्पथ, मला वाटलं दोन ओळींचा विषय हाय. बरं दादा, Kolhapur@123 मध्ये मोठं अक्षर हाय, लहान हाय, आकडा हाय, चिन्ह हाय. पोर्टल हिरवा टिक देतंय की. मग वाईट काय?

किल्लीदार
हिरवा टिक म्हणजे नियम पाळला एवढंच. पासवर्ड फोडणारे एकेक अक्षर चाचपत बसत नाहीत. त्यांच्याकडे याद्या असतात, त्यात शहरं, देव, नावं, क्रिकेटपटू, आणि प्रत्येकाला @123, @1234, #2024 अशी शेपटं लावून बघायचं काम यंत्र करतं. a चं @ करणं ही युक्ती तर त्या यंत्रात आधीपासून भरलेली आहे. काका, राग मानू नका, Amb@b@1#24 दिसायला अवघड आहे पण ओळखायला नाही.

दर महिन्याला बदलायचंही तेच. बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा वाढवतो. मोठं अक्षर-आकडा-चिन्ह आणि ठरावीक मुदतीत बदल हा रिवाज अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पस्तावा होतो. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले : पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तरच बदलायला लावा, लांबी वाढवू द्या, आणि असले सुरक्षा प्रश्न विचारूच नका. आपली पोर्टलं अजून जुन्या वळणावर आहेत, तेव्हा त्यांच्या चौकटीत राहूनच मार्ग काढावा लागतो.

शाहूपुरीकर
राग नाही. पण मग लांबी वाढवायची तर १४ अक्षरांत काय मावणार? माझा मुलगा पुण्यात आहे, तो म्हणतो चार शब्द जोडून टाका.

किल्लीदार
मुलाचं बरोबर आहे, पण जिथे जागा आहे तिथे. चार शब्द म्हणजे वीस-बावीस अक्षरं. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरही मर्यादा ८ ते १४ चीच आहे, संध्याताईंच्या पोर्टलसारखी. तिथे जेमतेम दोन शब्द बसतात. म्हणून अशा आखूड चौकटीत मी फाशांनी अक्षरं काढतो. इंग्रजी अक्षरं २६ आणि आकडे १०, मिळून ३६. दोन फाशांची दानंही सहा गुणिले सहा, बरोबर ३६. घरात सापशिडी असली की झालं.

```
     1 2 3 4 5 6
 1   a b c d e f
 2   g h i j k l
 3   m n o p q r
 4   s t u v w x
 5   y z 0 1 2 3
 6   4 5 6 7 8 9
```

पहिला फासा ओळ सांगतो, दुसरा त्या ओळीतलं घर. एकच फासा असेल तर दोनदा टाका. समजा २ आणि ५ पडले, तर k. मग ४-१ म्हणजे s, ६-४ म्हणजे 7, ३-२ म्हणजे n. असं बारा वेळा करा. मी आत्ता टाकून पाहिलं तर पुढे १-४, ५-५, ४-६, २-२, १-१, ६-६, ३-४, ४-५ पडले. सगळं मिळून ks7nd2xha9pw. आता पोर्टलच्या हट्टासाठी पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करा आणि शेवटी एक चिन्ह लावा : Ks7nd2xha9pw# अशी तेरा अक्षरं झाली, मर्यादेच्या आत. मोठं अक्षर आणि चिन्ह ठरावीक जागी आहेत, त्याने काही बिघडत नाही. बळ त्या बारा दानांत आहे. त्यांच्या शक्यता सुमारे ४७ परार्ध होतात, म्हणजे ४७ वर १७ शून्यं. फक्त एक पथ्य पाळा, दान आवडलं नाही म्हणून पुन्हा टाकायचं नाही. आपल्या मनासारखं निवडायला लागलो की फासे टाकून उपयोग काय. आणि हा वरचा पासवर्ड कुणी वापरू नका, तो आता जगजाहीर झालाय.

रंकाळा_संध्या
हे मला पटलं. पण Ks7nd2xha9pw# हे सासऱ्यांच्या काय, माझ्याही लक्षात राहायचं नाही!

किल्लीदार
लक्षात ठेवायचंच नाही. कागदावर लिहा.

शाहूपुरीकर
कागदावर?! हे मात्र अति झालं. इतकी वर्षं सगळीकडे 'पासवर्ड लिहून ठेवू नका' अशा पाट्या वाचल्या आम्ही.

किल्लीदार
त्या पाट्या ऑफिससाठी होत्या काका, जिथे कागद मॉनिटरला चिकटवलेला असायचा आणि चहावाल्यापासून साहेबापर्यंत सगळे वाचायचे. ज्या खात्यात वर्षातून दोनदा शिरायचं, त्याचा पासवर्ड डोक्यात ठेवायला गेलं की माणूस सोपा पासवर्ड ठेवतो, नाहीतर सगळीकडे एकच. इंटरनेटवरून खातं फोडणारा उचगावच्या तिजोरीत हात घालू शकत नाही. आता घरातल्याच कुणावर भरवसा नसेल, किंवा कपाट सतत उघडं राहत असेल, तर मात्र तुमचं म्हणणं खरं. कुणापासून लपवायचंय ते आधी ठरवा.

लिहायची पद्धत सांगतो. चार-चारचे गट करा : Ks7n d2xh a9pw #, आणि मधल्या जागा पासवर्डमध्ये नाहीत असं बाजूला लिहा. शून्याला आडवी रेघ मारा, नाहीतर o शी गोंधळ होतो. l ला खाली वळण द्या, 1 ला पाय. खाली दोन्ही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तारीख घाला. दोन प्रती करा, एक सासऱ्यांच्या दागिन्यांच्या किंवा खरेदीखताच्या पिशवीत, दुसरी तुमच्याकडे. पाकिटात पॅनकार्डाबरोबर ठेवू नका, पाकीट हरवलं तर सगळंच जातं. आणि कागदाचा फोटो काढू नका. फोटो आपोआप गूगल फोटोजवर चढतो, तिथून घरातल्या प्रत्येक जोडलेल्या फोनवर दिसतो. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवणं हाही त्यातलाच प्रकार.

तुमच्यापुरतं, फोनवर बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखं पासवर्ड सांभाळणारं अॅप वापरलंत तर बरं. त्याचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. ते पासवर्ड ज्या पत्त्यासाठी साठवलाय त्याच पत्त्यावर भरतं. हुबेहूब दिसणारं खोटं पोर्टल असेल तर ते गप्प बसतं, आणि ते गप्प बसलं की आपण थांबून पत्ता वाचायचा, शेवटी gov.in आहे का ते. सासऱ्यांना मात्र अॅपच्या नादी लावू नका, त्यांना कागदच बरा.

शाहूपुरीकर
मग निदान कागदावर दोन अक्षरं मुद्दाम उलटी लिहावीत. आपल्याला ठाऊक, चोराला नाही.

किल्लीदार
चालेल, पण ती खूण सुनेलाही माहीत हवी. फक्त सासऱ्यांना माहीत असलेली युक्ती सासऱ्यांबरोबरच जाते. माझं मत नको असं आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

केंद्रवाला_कागल
मी सेवा केंद्र चालवतो. वर आमच्याबद्दल बरंच आलंय म्हणून लिहितो. नाव@123 आम्ही हौसेनं ठेवत नाही. म्हातारी माणसं येतात, ईमेल नसतो, मोबाइल मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्यात. ओटीपीसाठी त्याला फोन लावायचा, तो मीटिंगमध्ये. मागे रांग. अवघड पासवर्ड ठेवून चिठ्ठी दिली तर पुढच्या वर्षी चिठ्ठी हरवलेली असते आणि भांडण आमच्याशी. सोपा ठेवला की निदान काम होतं. तुम्हीच सांगा काय करायचं.

किल्लीदार
दादा, तुमची अडचण खरी आहे आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. एवढं करा : ब्राउझर 'पासवर्ड जतन करू का?' विचारतो तिथे नेहमी 'नको', आणि काम खाजगी खिडकीत करून ती बंद करा. नाहीतर तुमच्या एका संगणकात अख्ख्या गावाचे पासवर्ड साठतात आणि उद्या काही घडलं तर बोट तुमच्याकडे. ईमेल केंद्राचा देऊ नका, पोर्टल ईमेलशिवाय पुढे जाऊ देत असेल तर रिकामा सोडा. सापशिडीचा फासा टेबलावर ठेवला तर लोकांनाही गंमत वाटेल.

केंद्रवाला_कागल
फासा ठेवतो हो. पण बऱ्याच ठिकाणी ईमेलशिवाय पुढे जाताच येत नाही. ते तसंच राहिलं.

गंगावेस_वाडा
मोबाइलबद्दल एक विचारू का? वडिलांचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. पोर्टलवर अजून तोच आहे. पासवर्ड भक्कम आहे, मग काही काळजी नाही ना?

किल्लीदार
आहे. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग 'पासवर्ड विसरलो' दाबलं की ओटीपी त्या नव्या माणसाकडे. तो चोर असेलच असं नाही, पण दार त्याच्या हातात. पासवर्ड चालतोय तोवर आत शिरून नंबर बदला. आधारला तोच नंबर असेल तर तिथेही बदलून घ्यावा लागेल, त्यासाठी वेळ काढा.

संध्याताई, यावरून तुमचा क्रम सांगायचा राहिला. आधी सासऱ्यांचा किंवा तुमचा स्वतःचा ईमेल, आणि त्याचा पासवर्ड पक्का करा. मग पोर्टलवर केंद्राचा ईमेल काढून तो घाला, मोबाइल तपासा. त्यानंतर पासवर्ड बदला आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं. उलटं केलंत, म्हणजे पासवर्ड आधी बदलला आणि ईमेल केंद्राचाच राहिला, तर नवा पासवर्ड बदलायचा दुवा केंद्राच्याच ईमेलवर जात राहील. जुनी सुरक्षा उत्तरंही केंद्रातल्या मुलानेच भरली असणार, ती न बदलता सोडू नका.

झालं की लगेच बाहेर पडून पुन्हा आत या, चिकटवून नव्हे, कागदावरून बघून टाइप करून. काही पोर्टलं मर्यादेपेक्षा जास्त अक्षरं न सांगता कापतात. शंका असेल तर एकदा शेवटचं अक्षर गाळून पाहा. तरीही आत गेलात तर समजा की शेपूट कापलं गेलंय, आणि कागदावर जेवढं चालतं तेवढंच लिहा. एकदाच पाहा बरं का, चुकीचे प्रयत्न वाढले की खातं काही वेळ बंद होतं.

रंकाळा_संध्या
काल उचगावला जाऊन केलं सगळं. फासे सासऱ्यांनी टाकले, मी लिहून घेतलं. ईमेल बदलताना जुन्या ईमेलवर ओटीपी गेला, म्हणजे केंद्रातल्या मुलाला फोन करावाच लागला. त्याने दिला बिचाऱ्याने. उत्तरांत एक अडचण आली. पोर्टल म्हणालं दहापेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत, म्हणून एकेकच शब्द ठेवला, पण चांगला लांब आणि पुस्तकातूनच काढलेला. टाइप करून परत आत गेले, व्यवस्थित चाललं.

एक राहिलं. आत गेल्यावर सूचना दिसली की पासवर्डची मुदत ठरावीक आहे, नंतर बदलावा लागेल. दर वेळी बारा दानं टाकायची का?

किल्लीदार
एक शब्द असेल तर तो शब्दकोशातल्या कुठल्याही यादीत सापडतो, हे खरं. पण पोर्टल चार-पाच चुकांनंतर कुलूप लावत असेल तर तेवढ्यावर भागेल. त्याहून जास्त त्या चौकटीत जमत नाही.

मुदतीचं म्हणाल तर, पासवर्ड कुठे फुटल्याचा संशय नसेल तर शेवटचा चारचा गट तेवढा फाशांनी बदला. a9pw च्या जागी नवी चार दानं, बाकी तसंच. चार दानांच्या शक्यता सोळा लाखांवर आहेत, आणि जुना कागद कुणाच्या हाती लागला तरी कुलूप लावणाऱ्या पोर्टलवर एवढे अंदाज करता येत नाहीत. संशय असेल तर मात्र बाराच्या बारा.

शाहूपुरीकर
हे मला मान्य नाही. म्हणजे शेवटचा आकडा वाढवण्यासारखंच झालं की! बदलायचं तर पूर्ण बदला.

किल्लीदार
आकडा वाढवला तर पुढचा कोणता ते आधीच कळतं, फाशाचं दान कळत नाही. पण काका, पूर्ण बदलणं जास्त चांगलं यात वाद नाही. दर वेळी ७४ वर्षांच्या माणसाकडून बारा दानं आणि दोन नवे कागद होतील का, एवढाच माझा प्रश्न.

भावा_पन्हाळा
आजोबा सापशिडीत लई पटाईत असतील तर होतील की 😄 ताई, मी पण माझा बदलला. Kolhapur@123 गेला बघा. जीमेलला पण तोच होता.

किल्लीदार
मग तो पासवर्ड आणखी कुठे कुठे आहे तेही बघ. जीमेलच्या आधी बँक.